कडेचा हिरवा

घड्याळजींनी फोटो स्टुडिओच्या काउंटरवर मोबाइल सरकवला आणि त्यातला समुद्र मास्तरांनी लगेच ओळखला. समुद्र त्यांचाच होता. म्हणजे त्यांनी कुठूनसा उतरवून घेतलेला, आणि मग आरशात दिसावा तसा उलटा फिरवलेला. मूळ चित्रात ऊन उजवीकडून येत होतं आणि स्टुडिओतला मोठा दिवा डावीकडे असतो, म्हणून फिरवावा लागला होता. फिरवल्यावर काठावरच्या होडीची अक्षरंही उलटी झाली, तेव्हा शेजारच्या लाकडाचा रंग त्यांवर ओढून त्यांनी ती पुसली होती. ती पुसलेली जागा अजूनही जराशी गुळगुळीत दिसत होती. समुद्रापुढे घड्याळजींची मुलगी उभी होती, निळ्या कपड्यात, एक हात कमरेवर. तिच्या पायाशी वाळूवर पडलेली सावलीही मास्तरांनीच पाडलेली होती.

"काल जावयांनी पाठवला," घड्याळजी म्हणाले. "रविवारी दोघं समुद्रावर गेले होते म्हणे. मोठा करून द्या मास्तर, काच लावून. तिच्या आईला भिंतीवर हवाय."

"अरे वा," मास्तर म्हणाले.

ते दोन शब्द कसे निघाले ते त्यांना नंतर आठवेना. बोलायचं होतं ते वेगळंच होतं. 'हा फोटो इथला आहे, तुम्ही उभे आहात तिथून चार हातांवर काढलेला आहे,' असं म्हणायचं होतं. पण घड्याळजींचा चेहरा इतका उजळलेला होता, आणि जगात कुणी जुना फोटो नवा म्हणून पाठवला तर त्यात एवढं काय, असंही वाटून गेलं. माणसं पाठवतात. स्वतः मास्तरांचा मेहुणा दहा वर्षांपूर्वीचा केसांसकट फोटो सगळ्यांना पाठवत असतो. त्यांनी फाइल घेतली, काचेचं माप लिहून घेतलं, आणि घड्याळजी पायऱ्या उतरून गेल्यावर स्टुलावर बसले.

पूर्वी असं काही होण्याची सोयच नव्हती. पूर्वी मागे पडदा असायचा. जाडंभरडं कापड, त्यावर खळ, खळीवर भुकटीचे रंग. रंगवणारा बाहेरून यायचा आणि स्टुडिओच्या मागच्या मोकळ्या जागेत कापड ताणून आठवडाभर रंगवत बसायचा. एक जिन्याचा, एक कारंज्याचा, एक तळ्याचा. मधला भाग तो मुद्दाम फिकट आणि धूसर ठेवायचा. "तिथे माणूस येणार," असं म्हणायचा. "माणसाच्या मागे झाड स्पष्ट काढलं तर फोटोत ते डोक्यातून उगवतं." पडदे बांबूला गुंडाळून ठेवायचे, घडी घालायची नाही, घडीवर रंग तडकतो. वारा सुटला की तळं हलायचं. घड्याळजींची हीच मुलगी लहानपणी शाळेच्या फोटोसाठी आली होती तेव्हा तिने वळून तळ्यात बोटं बुडवली होती, आणि बोटांना निळी भुकटी लागल्यावर ती हसत सुटली होती. तळं खरं नाही हे तिला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, फोटो पाहणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत होतं. गावातल्या निम्म्या घरांत तोच जिना भिंतीवर होता आणि त्या जिन्यावरून कुणी कधी कुठे गेल्याचं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पडद्यामुळे एक सुख असं होतं की मागची बाजू एकदा लावली की तिच्याकडे बघावं लागत नसे. मग उरायचा चेहरा. मास्तर काळ्या कापडाखाली डोकं घालून नुसता चेहरा बघत राहायचे, कधीकधी एवढा वेळ की गिऱ्हाईक विचारायचं, झोपलात का मास्तर.

मग तालुक्याच्या रस्त्यावर दोन नवे स्टुडिओ झाले आणि लोक बर्फात उभं राहायला तिकडे जाऊ लागले. मास्तर वयाच्या पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. हिरवं कापड आणलं. हिरवंच का, तर माणसाच्या कातडीत तो रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे कॉम्प्युटरला 'हिरवं तेवढं काढ' म्हटलं की माणूस शाबूत राहतो. पण कापडावर सुरकुती नको, सुरकुतीत सावली बसते आणि सावलीतला हिरवा कॉम्प्युटरच्या लेखी वेगळा हिरवा. कापडावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड हवा. माणूस कापडापासून चांगला लांब उभा करायला हवा, नाहीतर कापडाचा रंग उडून त्याच्या जबड्यावर, कानामागे, केसांत बसतो. दारावर त्यांनी पाटी लावली, 'कृपया हिरवे कपडे घालून येऊ नये', कारण एकदा एका म्हाताऱ्याचा हिरवा सदरा कापडाबरोबर गेला होता आणि त्याचं डोकं नुसतंच धबधब्यावर तरंगत राहिलं होतं. म्हातारा ते पाहून म्हणाला होता, "राहू द्या, असाच द्या, अजून वर जायला वेळ आहे पण सवय झालेली बरी." सगळे हसले होते. मास्तरही हसले होते. मात्र त्या दिवसापासून त्यांचा उजवा डोळा फडफडू लागला. दिवसभर हिरव्याकडे पाहून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की भिंतीवर गुलाबीसर डाग तरंगायचे, माणसाच्या आकाराचे. बायको म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढला असेल. ते हो म्हणायचे. पण खरी गोष्ट निराळी होती: आता त्यांना चेहरा बघायला सवडच होत नव्हती. कॅमेऱ्यातून बघताना नजर कडेवर असायची. केसांची कड, कानाची कड, बोटांमधली फट. गिऱ्हाईक गेल्यावर तासन् तास तीच कड. काळ्या रंगाने झाकायचं, पांढऱ्या रंगाने उघडं करायचं, केस एकेक करून वाचवायचा, कडेला उरलेला हिरवा मारायचा. पायाशी सावली नसेल तर माणूस भूत दिसतो, म्हणून त्याचीच आकृती काळी करून आडवी पाडायची, अस्पष्ट करायची, फिकी करायची. माणसाच्या मधोमध काय आहे त्याच्याशी कामच राहिलं नव्हतं.

ती दुपार आता त्यांना आठवायला लागली. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. जावई तिला मोटरसायकलवरून घेऊन आला होता, हातात मोठी पिशवी. बोलायला गोड. परदेशात नोकरी लागलीय, निघायच्या आधी फोटो काढून ठेवू म्हणतो, म्हणाला. पिशवीत कपडे होते, खूप कपडे. निळा ड्रेस, पिवळा ड्रेस, एक काळा कोट, आणि लोकरीचा तपकिरी स्वेटर. बाहेर डांबर वितळत होतं आणि ती पडद्याआडून स्वेटर घालून आली. कपाळावर घाम होता. मास्तरांनी टिपकागद दिला. "हौशी आहात," ते जावयाला म्हणाले होते. तो म्हणाला, "काका, तिथे गेल्यावर वेळ कुठे मिळतो." दोन-तीन फोटोंना तिथेच समुद्र आणि डोंगर लावून घेतले. आणि निघताना सहज म्हणाला, बाकीच्यांच्या मागचं रिकामंच ठेवून द्या, मला हवं ते मी लावीन. मास्तरांनी तिला प्रत्येक कपड्यात, प्रत्येक उभं राहण्यात कातरून काढली आणि मागे काहीही नसलेल्या फाइली त्याच्या पेनड्राइव्हमध्ये भरून दिल्या. कड इतकी सुबक आली होती की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

सगळे ऋतू एका दुपारी. हे तेव्हा डोक्यात कसं आलं नाही.

मोठा फोटो त्यांनी छापला. हात आपोआप चालत होते. मोबाइलमध्ये न दिसलेलं कागदावर दिसलं: उजव्या कानामागे, बटेच्या कडेला, केसाएवढी हिरवी रेघ. त्यांच्या हातून राहिलेली. काच लावून त्यांनी तो घड्याळजींच्या दुकानात पोचवला आणि चहाला न थांबता परतले. दोन दिवसांनी घड्याळजी आले. डोळ्याला भिंग लावून बसायची त्या माणसाची जन्माची सवय. त्याच्यापुढे मूर्खासारखं हे लपेल असं कसं वाटलं.

"मास्तर, तिच्या कानामागे हिरवं काय आहे हो?"

"छपाईत येतं कधीकधी," मास्तर म्हणाले. "शाईचं काहीतरी."

"असं होय. मला वाटलं, जरीबिरी लावलीय का केसात." घड्याळजी थोडे घुटमळले. "बरी दिसते ना पण? तब्येतीने?"

"छान दिसते."

"आवाज ऐकून बरेच दिवस झाले. मेसेज येतात. आपला दिवस तेव्हा तिकडची रात्र, त्यामुळे फोन जमत नाही म्हणतात जावई. पण फोटो पाठवतात बिचारे नेमाने."

त्या 'नेमाने' शब्दापाशी मास्तर अडकले. घड्याळजींनी मोबाइल पुढे केला. बर्फ होता. बर्फात तपकिरी स्वेटर घालून ती उभी होती. हे काम मास्तरांचं नव्हतं, कुणीतरी घाईत केलेलं होतं. चेहऱ्यावर ऊन डावीकडून आणि मागच्या घरांच्या सावल्याही डावीकडेच पडलेल्या. पाय गुडघ्यापाशी कापलेले, म्हणजे सावली पाडण्याची कटकट नको. आणि कपाळावर, केस सुरू होतात तिथे, बर्फातसुद्धा, घामाचा एक थेंब. टिपकागदातून सुटलेला.

"थंडी बाधायची हो तिला लहानपणी," घड्याळजी म्हणाले.

घड्याळजी गेले तसे दुकान बंद न करताच मास्तर घरात गेले. घर म्हणजे स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्या. बायको भाजी निवडत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. तिने ऐकून घेतलं.

"तुम्ही काय केलंत? फोटो काढलात. त्याने मागितलं ते दिलंत."

"ती तिथे नाहीये गं. कुठलाच फोटो तिथला नाहीये."

"मग असेल त्याचं काही. नोकरी नसेल लागली, लाजेने लपवत असेल. जावई माणूस आहे, तुम्ही आग लावाल आणि उद्या ते सगळे एक होतील. आपण मात्र वाईट." तिने भाजीची देठं गोळा केली. मग ती देठं हातात तशीच धरून म्हणाली, "जिवंत असेल ना हो?"

तो प्रश्न मास्तरांनी स्वतःला विचारलेला नव्हता. म्हणजे तो तिथे होता, कोपऱ्यात, कापड टाकून ठेवलेल्या वस्तूसारखा, आणि बायकोने कापड ओढलं. ते परत स्टुडिओत आले. त्यांनी जुनी डिस्क काढून मूळ फोटो उघडले, काहीही न कातरलेले. हिरव्या कापडापुढे ती. निळ्यात, पिवळ्यात, कोटात, स्वेटरात. पहिल्यांदाच ते या फोटोंच्या कडेकडे न बघता मध्ये बघत होते. ओठ हसत होते. डोळे मात्र कॅमेऱ्यात नव्हते. प्रत्येक फोटोत ते जरासे उजवीकडे होते, थोडे वर, जिथे कॅमेऱ्याच्या शेजारी जावई उभा राहून 'अशी, आता अशी' म्हणत होता. मालकाच्या हातात काठी आहे की भाकरी ते न कळलेलं जनावर बघतं तशी ती बघत होती. एका फोटोत मुठीत अंगठा दाबून धरलेला होता. त्या मुठीची बोटं मास्तरांनी केवढ्या काळजीने कातरली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि नजर हटवली तेव्हा भिंतीवर तिच्याएवढा गुलाबी डाग उभा राहिला आणि बराच वेळ जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, एका बाळाचा फोटो चाललेला असताना, जावयाचा फोन आला.

"काका, ओळखलंत ना? एक काम होतं. तो पिवळ्या ड्रेसमधला फोटो आहे बघा, त्यात हात खाली आहेत. एक हात वर करून देता येईल का? टाटा केल्यासारखा. दुसऱ्या कुणाचा हात लावला तरी चालेल."

बाळ हिरव्या कापडावर रांगत निघालं होतं आणि त्याची आई त्याला मागे ओढत होती. मास्तर म्हणाले, "ताईंचाच नवा काढा की तिथे. मोबाइल असेलच."



"तिला वेळ नसतो," तो म्हणाला. आवाज तसाच गोड होता. "काका, तुमचं दुकान अजून त्याच कोपऱ्यावर आहे ना? मागेच राहता तुम्ही. काकू बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

"मग द्या ना करून. असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात, तुम्हाला काय शिकवायचं. धंदा आहे तुमचा."

फोन ठेवल्यावर मास्तरांनी बाळाचा फोटो काढला की नाही हे त्यांना कळलं नाही. रस्त्यावरून एखादी मोटरसायकल गेली की कान टवकारायचे. दिवसभर त्यांनी हात शोधला. खरंच शोधला, जुन्या फायलींतून बायकांचे वर केलेले हात, मनगटाची जाडी, कातडीचा रंग, उजेडाची बाजू. एक सापडलाही, अगदी जुळणारा, गेल्या वर्षी वारलेल्या एका शिक्षिकेचा. तो त्यांनी पिवळ्या बाहीपाशी आणून ठेवला. सांधा दिसत नव्हता. मुलगी हात हलवून हसत होती. त्या क्षणी त्यांना स्वतःचीच अशी भीती वाटली की त्यांनी मशीनचं बटण बंद करण्याऐवजी भिंतीतून वायरच उपटली.

मग ते घड्याळजींच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची कपाटाएवढी जागा. सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवणारी. मास्तरांना बसायला जागा नव्हती, ते उभेच राहिले. काचेतला समुद्र घड्याळजींच्या डोक्यावर टांगलेला होता; बायकोला घरी न देता त्यांनी तो इथेच ठेवून घेतला होता.

"ते शाईचं नव्हतं," मास्तर म्हणाले.

घड्याळजींनी भिंग काढलं नाही. एक डोळा मोठा आणि एक लहान, असे ते बघत राहिले. मास्तरांनी बरोबर आणलेले मूळ फोटो काचेवर मांडले, एकाशेजारी एक. हिरवं कापड, कापडाच्या वरचा बांबू, कडेला मास्तरांच्या दिव्याचा पाय. समुद्र कसा आणला, उलटा का केला, सावली कशी पाडली, ते सगळं सांगितलं. रिकाम्या फाइली दिल्या हेही सांगितलं. घाम दाखवला. फोनबद्दल सांगितलं, फक्त वारलेल्या बाईचा हात जोडून पाहिल्याचं तेवढं सांगू शकले नाहीत.

घड्याळजींनी एकेक फोटो उचलून भिंगाखाली धरला. घड्याळाचं यंत्र उघडतात तशाच हातांनी.

"मग ती आहे कुठे?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुम्हाला सगळं माहीत आहे की मास्तर. सावली कुठल्या बाजूला पडते तेही माहीत आहे." त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते मास्तरांना सहन झालं नाही. "मी विचारलं तेव्हा शाई म्हणालात."

घड्याळजींनी दुकानाची फळी ओढली आणि दोघं पोलिसांकडे गेले. तिथला हवालदार आधी म्हणाला, फोटो काय हल्ली कुणीही बनवतो, त्यात गुन्हा कसला. तेव्हा मास्तरांनी मोबाइलमधला बर्फ आणि हातातला हिरवा फोटो शेजारी धरला आणि कपाळावरच्या थेंबावर बोट ठेवलं. दोन्हीकडे तोच थेंब, त्याच जागी. हवालदाराने खुर्ची पुढे ओढली.

ती जिवंत होती. परदेशात कुणी गेलंच नव्हतं. जावयाच्या फोनचा माग काढला तेव्हा बसने दोन-अडीच तासांच्या अंतरावरच्या शहरात, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत ती सापडली. नोकरी मिळाली नव्हती, कधी मिळणारच नव्हती. ते कुणाला कळू नये म्हणून आधी त्याने तिचा फोन काढून घेतला, मग बाहेर जाणं, मग खिडकी. जावई पकडला गेला, आणि काही आठवड्यांनी जामिनावर सुटलाही. गावात लोक मास्तरांना भला माणूस म्हणू लागले. कुणी तसं म्हटलं की मास्तरांना घाईचं काम आठवे.

एके दिवशी दुपारी घड्याळजी तिला घेऊन स्टुडिओत आले. अर्जासाठी साधा फोटो हवा होता. ती बारीक झाली होती, उजेडाकडे डोळे किलकिले करत होती. दारातून आत पाऊल टाकताच ती थबकली आणि हिरव्या कापडाकडे बघत राहिली. मास्तर पटकन पुढे झाले, चिमटे काढले, कापड खाली ओढून पायाने कोपऱ्यात सारलं. मागे उघडी भिंत राहिली, खिळे आणि ओलीचे डाग असलेली.

"इथे बस, बाळा."

ती बसली. घड्याळजी बाहेर पायरीवर थांबले. मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि कडा बघितल्या नाहीत, फक्त बघत राहिले. तिचे डोळे सवयीने उजवीकडे गेले, थोडे वर. तिथे कुणी नव्हतं. मग ते हळूहळू परत आले आणि सरळ काचेत थांबले. त्यांनी बटण दाबलं.

"काका," ती म्हणाली. "हा कुणाला देणार नाही ना?"

"नाही. तुझ्या हातात देतो आणि इथला पुसून टाकतो. तुझ्यासमोर."

तिने मान हलवली. उठली नाही. मांडीवरच्या हाताचा अंगठा तिने मुठीत घेतला होता.

"पण ते बाकीचे," ती म्हणाली, "मागे काही नसलेले. ते अजून त्याच्याकडे आहेत?"

रस्त्यावरून मोटरसायकल गेली. दोघंही ती लांब जाईपर्यंत तिचा आवाज ऐकत राहिले.

"आहेत," मास्तर म्हणाले.